येता शुक्रवार म्हणजे नेमका कोणता?

इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत आपण भरपूर लिहितो. जर्नल लिहितो, असाइनमेंट लिहितो, शेवटच्या वर्षी प्रोजेक्ट रिपोर्टही लिहितो. यातलं बरंचसं फक्त तपासणाऱ्या सरांसाठी असतं. पण ज्या लिखाणावर शे-दीडशे मुलं आपला अख्खा दिवस ठरवतात, ते मात्र आपण कॅन्टीनमध्ये उभ्या उभ्या, एका हातात चहा धरून दोन मिनिटांत उरकतो. ते लिखाण म्हणजे "तुमचं नक्की झालं, अमुक दिवशी अमुक ठिकाणी या" असं सांगणारा मेसेज.

गेली दोन वर्षं मी प्लेसमेंट सेलमध्ये स्टुडंट को-ऑर्डिनेटर आहे. त्यामुळे असे मेसेज लिहिणं, वाचणं, आणि "अरे, नेमकं कधी जायचंय?" या फोनला उत्तरं देणं, तिन्ही कामं माझ्याकडे आली. इंडस्ट्रियल व्हिजिट असो, रक्तदान शिबिर असो की गॅदरिंगची प्रॅक्टिस, मेसेजचा सांगाडा एकच असतो. पण ज्याच्यात चूक सगळ्यात महाग पडते ते उदाहरण घेऊ, म्हणजे पूल कॅम्पस. चार-पाच कॉलेजांची मुलं एका तिसऱ्याच कॉलेजात जमतात, कंपनी दिवसभर बसते, आणि ज्याला पोहोचायला जमलं नाही त्याच्यासाठी पुन्हा कोणी येत नाही.

एक नमुना

२०२५ सालच्या जानेवारीत आमच्या मुलांना पुण्यातल्या एका कॉलेजकडून आलेला मेसेज साधारण असा होता:

"सर्व विद्यार्थ्यांना कळविण्यात येते की, आपण नोंदणी केलेल्या पूल कॅम्पस ड्राइव्हसाठी आपले नाव निश्चित झाले असून सदर ड्राइव्ह आमच्या महाविद्यालयात येत्या शुक्रवारी आयोजित करण्यात आला आहे. तरी सर्वांनी सकाळी ९ च्या प्री-प्लेसमेंट टॉकला वेळेत उपस्थित राहावे. रिपोर्टिंग अर्धा तास आधी. येताना आवश्यक ती सर्व कागदपत्रे, फोटो व आयकार्ड सोबत आणावे. उशिरा येणाऱ्यास प्रवेश दिला जाणार नाही."

वाचायला काही वाईट नाही. व्याकरण ठीक, भाषा नम्र, आणि खरं तर सगळी माहिती त्यात आहे असंही वाटतं. आता हा मेसेज आला गुरुवारी, ३० जानेवारीला, संध्याकाळी. म्हणजे येता शुक्रवार कोणता? उद्याचा, ३१ तारखेचा? की पुढच्या आठवड्यातला, ७ फेब्रुवारीचा? आमच्या हॉस्टेलवर त्या रात्री दोन पक्ष पडले. दोघं जण तर बॅग भरून एसटी स्टँडवर पोहोचलेसुद्धा, तिथून त्यांना फोन करून परत बोलवावं लागलं. ड्राइव्ह ७ तारखेला होता.

७ तारखेला दुसरा घोळ झाला. त्या कॉलेजचे दोन कॅम्पस आहेत, जुना आणि नवा. "आमच्या महाविद्यालयात" याचा अर्थ पाठवणाऱ्याला पक्का माहीत होता. मेकॅनिकलचा आमचा एक मित्र रिक्षावाल्याला कॉलेजचं नाव सांगून जुन्या कॅम्पसवर उतरला. तिथून नव्या कॅम्पसला पोहोचेपर्यंत ९ वाजून १० मिनिटं झाली होती आणि गेट बंद झालं होतं. त्या सीझनमध्ये त्याच्या हातात तोपर्यंत तो एकच कॉल होता. आणि जे वेळेत आत गेले त्यातल्या काही जणांकडे मार्कशीटच्या फक्त झेरॉक्स होत्या. तिथे ओरिजिनल बघायच्या होत्या.

म्हणजे एका मेसेजमध्ये तारीख, वेळ, ठिकाण आणि सामान या चारही गोष्टी होत्या, आणि चारही ठिकाणी कोणी ना कोणी अडकलं. का, ते बघू.

मेसेज तीनदा वाचला जातो

मला जे समजलं ते असं. आपण मेसेज लिहितो तेव्हा डोळ्यासमोर एक वाचक असतो, जो शांत बसून सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचणार आहे. असा वाचक नसतो. खरा वाचक तो मेसेज तीन वेळा बघतो आणि तिन्ही वेळा त्याला वेगळी गोष्ट हवी असते.

पहिल्यांदा मेसेज येतो तेव्हा. लेक्चर चालू आहे, फोन बाकाखाली आहे, स्क्रीनवर फक्त पहिली ओळ दिसते. त्याला तेव्हा एवढंच हवं असतं की काय नक्की झालं आणि कधी. त्या दिवशी दुसरं काही आहे का हे तो मनात तपासतो आणि फोन खिशात टाकतो.

दुसऱ्यांदा तो आदल्या रात्री वाचतो, बॅग भरताना. तेव्हा त्याला यादी हवी असते. एक वस्तू बॅगेत टाकायची, पुन्हा फोन बघायचा, दुसरी टाकायची.

तिसऱ्यांदा तो रस्त्यावर वाचतो. रिक्षात, बसमध्ये, गेटवर वॉचमनसमोर. एका हातात फाइल, ऊन स्क्रीनवर पडतंय, घाम आलाय. तेव्हा त्याला फक्त ठिकाण हवं, आणि अडलंच तर फोन कोणाला करायचा ते.

वरचा मेसेज एकसलग परिच्छेद आहे. त्यामुळे तिन्ही वेळा तो पूर्ण वाचावा लागतो, आणि त्याची पहिली ओळ "सर्व विद्यार्थ्यांना कळविण्यात येते की" यातच संपते. म्हणून रचनेचा नियम सोपा आहे: पहिली ओळ पहिल्या वाचनासाठी, म्हणजे काय आणि कधी. त्यानंतर ठिकाण एका वेगळ्या ओळीत. त्यानंतर सामानाची यादी, एका ओळीत एक वस्तू. बाकी सगळं त्याच्या खाली. आता एकेक भाग घेऊ.

तारीख: वार हा पॅरिटी बिट आहे

"उद्या", "परवा", "येत्या शुक्रवारी" हे शब्द बोलताना चालतात, कारण बोलणारा आणि ऐकणारा एकाच दिवसात उभे असतात. मेसेज मात्र फॉरवर्ड होतो. बुधवारी लिहिलेलं "उद्या" कोणी गुरुवारी दुसऱ्या ग्रुपवर टाकलं की ते शुक्रवार होतं. आपल्या मराठीत तर "परवा" हा शब्द मागच्या आणि पुढच्या, दोन्ही दिवसांसाठी चालतो. "परवा मीटिंग" एवढंच लिहिलं तर ती झाली की व्हायची आहे हेसुद्धा कळत नाही! म्हणून मेसेजमध्ये असे शब्द नकोतच. वाचणारा आज कोणत्या दिवसात आहे यावर ज्याचा अर्थ बदलत नाही, अशीच तारीख लिहायची.

पण नुसती आकड्यांची तारीख पण पुरत नाही. आपल्याकडे आधी दिवस, मग महिना. अमेरिकेत आधी महिना, मग दिवस. तिकडच्या एचआरने 02/07/2025 असं लिहिलं तर त्याच्या मते ती ७ फेब्रुवारी, आपल्या मते २ जुलै. आणि ही गंमत फार कमी दिवसांची नाही. दिवसाचा आकडा १२ किंवा त्याहून कमी असेल तेव्हाच गोंधळ होतो, म्हणजे १२ गुणिले १२, १४४ तारखा. त्यातल्या १/१, २/२ अशा १२ तारखा दोन्हीकडून सारख्याच, त्या वजा केल्या तर वर्षात १३२ दिवस असे उरतात ज्यांचे दोन अर्थ निघतात. महिना अक्षरात लिहिला की हा प्रश्न मुळातच संपतो.

आता वाराबद्दल. बरेच जण म्हणतात, तारीख दिली की वार कशाला? कॅलेंडरमध्ये बघता येतो की. खरं आहे, वाराने नवीन माहिती काहीच मिळत नाही. पण डिजिटलच्या पेपरात आपण पॅरिटी बिट शिकलो ना? तोही नवीन माहिती काही देत नाही. तो असतो चूक पकडायला. वाराचं काम तेच.

समजा, लिहिणाऱ्याने घाईत ७ ऐवजी ८ टाइप केलं. "शुक्रवार ८ फेब्रुवारी २०२५" असा मेसेज आला. ८ तारखेला शनिवार होता, त्यामुळे शंभरातल्या एकाच्या तरी लक्षात येतं की काहीतरी गडबड आहे, आणि तो विचारतो. वार नसता तर "८ फेब्रुवारी" निमूटपणे सगळ्यांच्या डोक्यात गेली असती. मागच्या वर्षीचा मेसेज कॉपी करून फक्त साल बदललं, वार तसाच राहिला, हीसुद्धा नेहमीची चूक. तीही यात सापडते, कारण ३६५ दिवस म्हणजे ५२ आठवडे आणि एक दिवस, म्हणून तीच तारीख पुढच्या वर्षी एक वार पुढे सरकते, आणि मधे २९ फेब्रुवारी आली तर दोन. ७ फेब्रुवारी २०२४ ला बुधवार होता, २०२५ ला शुक्रवार.

अर्थात पॅरिटीची मर्यादा इथेही आहे. दोन बिट एकदम उलटले तर पॅरिटी गप्प बसते. तसंच ७ ऐवजी १४ लिहिलं तर दोन्ही शुक्रवारच, वाराने काही कळणार नाही. बरोबर सात दिवसांची चूक यातून निसटते. आणि एक अट पाळावी लागते. वार कॅलेंडरमध्ये बघून लिहायचा, आठवून नाही. तारीख आणि वार दोन्ही एकाच डोक्यातून, एकाच अंदाजाने आले तर तपासणी कसली?

वाचणाऱ्याला वार आणि तारीख जुळत नाहीत असं दिसलं तर त्याने स्वतः अंदाज बांधू नये. त्यातलं कुठलं खरं ते फक्त पाठवणाऱ्याला माहीत असतं.

वेळ: एकच, आणि ती गेटवरची

नमुन्यात दोन वेळा होत्या. ९ चा टॉक आणि "रिपोर्टिंग अर्धा तास आधी". म्हणजे वाचणाऱ्याला वजाबाकी करायची. गणित अवघड नाही, पण झोपेत, घाईत माणसाच्या लक्षात राहतो तो दिसलेला आकडा, काढलेला नाही. त्याच्या डोक्यात ९ बसतं. ९ ला तर गेट बंद होतं!

म्हणून पहिल्या ओळीत एकच वेळ द्यायची, आणि ती कार्यक्रमाची नाही, तर माणसाने कुठे उभं असायचं त्याची. "सकाळी ८.३० ला गेटवर" यात शंका राहत नाही. टॉक किती वाजता, टेस्ट किती वाजता, हे आत गेल्यावर तिथले लोक सांगणारच आहेत. सकाळी, दुपारी, संध्याकाळी हा शब्द मात्र प्रत्येक वेळेआधी हवाच. आणि वेळ आकड्यात. बोलताना आपण पावणेनऊ, साडेआठ म्हणतो, पण इंग्लिश मीडियममधून आलेल्या आपल्याच कितीतरी मित्रांची पावणे आणि सव्वामध्ये गल्लत होते. फोनवर सांगायचं असेल तर "आठ पंचेचाळीस" म्हणावं.

शेवटची वेळ पण द्यावी, म्हणजे साधारण कधी सुटणार ते. ही गोष्ट लिहिणाऱ्याला बिनमहत्त्वाची वाटते. पण परतीचं तिकीट काढायचं, घरी सांगायचं, हॉस्टेलच्या रेक्टरची परवानगी घ्यायची, हे सगळं तिच्यावरच अवलंबून असतं. फक्त ती पहिल्या ओळीत नको, खाली.

प्रवास रात्रीचा असेल तर एक सापळा लक्षात ठेवा. आपण बोलताना "गुरुवारी रात्री साडेबाराची गाडी" म्हणतो. आपल्या हिशोबाने सकाळ होईपर्यंत गुरुवारच चालू असतो. रेल्वेचं घड्याळ २४ तासांचं आणि तिची तारीख मध्यरात्री बदलते. ती गाडी तिकिटावर शुक्रवारी 00:30 ची असते. कोणी गुरुवारची तारीख टाकून 00:30 चं तिकीट काढलं तर ती गाडी बुधवारची रात्र संपताना, म्हणजे पूर्ण २४ तास आधी, निघून गेलेली असते. मेसेजमध्ये लिहिताना दोन्ही वार लिहावेत: "गुरुवारची रात्र संपून शुक्रवार लागल्यावर १२.३० ला". लांब होतं, पण होऊ दे. इथे शब्द वाचवण्यात काही फायदा नाही.

ठिकाण: चालत जाल त्या क्रमाने

पोस्टाचा पत्ता लहानाकडून मोठ्याकडे जातो. आधी खोली, मग इमारत, मग रस्ता, शेवटी शहर. मेसेज वाचणारा मात्र उलटा येतो. तो आधी शहरात उतरतो, मग कॅम्पस गाठतो, मग गेट, इमारत, मजला आणि शेवटी हॉल. म्हणून ठिकाण त्याच क्रमाने लिहावं. म्हणजे तो एकेक टप्पा पार करत वाचू शकतो, आणि अर्धाच वाचला तरी निदान तिथपर्यंत बरोबर पोहोचतो.

नावं पाटीवर असतील तशीच लिहायची. तुमच्या तोंडी जे "मेनचं सेमिनार" असतं त्याच्या दारावर भलतंच काही लिहिलेलं असतं, आणि बाहेरून आलेला मुलगा पाटी वाचत फिरत असतो. आणि जिथे चुकण्याची शक्यता आहे तिथे चूक नाव घेऊन सांगावी. "नवा कॅम्पस" एवढं लिहिलं तर दोन कॅम्पस आहेत हेच माहीत नसलेल्याला त्यातला "नवा" जाणवत नाही. "नवा कॅम्पस, जुना नाही" असं लिहिलं की तो रिक्षावाल्यालाही तसंच सांगतो. मला वाटतं, आमच्या त्या मित्राचा दिवस या दोन शब्दांनी वाचला असता.

आता तुम्ही म्हणाल, लोकेशन पाठवलं की झालं. जरूर पाठवा. पण मोठ्या कॅम्पसमध्ये नावाने शोधून टाकलेली खूण बऱ्याचदा कॅम्पसच्या मधोमध असते, आणि नकाशा तुम्हाला तिच्या सगळ्यात जवळच्या रस्त्यावर नेतो. तो रस्ता मागच्या भिंतीचा असू शकतो. म्हणून खूण गेटवर टाकायची, इमारतीवर नाही. आणि नेट नसलं तरी वाचता यावं म्हणून शब्दांतला पत्ता ठेवायचाच.

सोबत काय: मोजून सांगा

"आवश्यक ती सर्व कागदपत्रे" हे वाक्य म्हणजे काहीच न सांगणं. कोणती आवश्यक हे ठरवायचं काम बोलावणाऱ्याचं असतं आणि इथे ते वाचणाऱ्यावर ढकललं आहे. प्रत्येक वस्तूबद्दल तीन गोष्टी लागतात: काय, किती, आणि ओरिजिनल की झेरॉक्स. शिवाय यादीच्या डोक्यावर एकूण आकडा द्यावा, "सोबत ५ गोष्टी". हीसुद्धा एक तपासणीच झाली. कोणी फॉरवर्ड करताना शेवटच्या दोन ओळी राहिल्या किंवा स्क्रीनशॉट अर्धाच आला, तर तीनच गोष्टी दिसतात आणि लगेच कळतं की खाली अजून काही होतं.

यादीचा क्रम मिळवायला अवघड वस्तूपासून सोप्या वस्तूकडे असावा. ओरिजिनल मार्कशीट गावी आईकडे कपाटात असते, झेरॉक्सला दुकान उघडं लागतं, फोटो पाकिटात असतात, आयकार्ड गळ्यातच असतं. पहिल्या नजरेत जी वस्तू दिसेल तिच्या तयारीला सगळ्यात जास्त वेळ मिळतो. आणि ऑफिसातून बोनाफाइडसारखं काही काढायचं असेल, ज्याला दोन-तीन दिवस लागतात, तर ते आदल्या दिवशीच्या मेसेजमध्ये सांगून उपयोग नाही. त्याचा वेगळा मेसेज आधीच जायला हवा.

शेवटी, कशावाचून आत घेणार नाहीत ते वेगळं सांगावं. सगळंच "अत्यावश्यक" लिहिलं तर फोटो विसरलेला मुलगा अर्ध्या रस्त्यातून परत फिरतो आणि ओरिजिनल विसरलेला निवांत पुढे जातो.

आता तोच मेसेज नव्याने

```
नक्की: पूल कॅम्पस, शुक्रवार ७ फेब्रुवारी २०२५, सकाळी ८.३० ला गेटवर

कुठे: पुणे, अबक कॉलेज, नवा कॅम्पस (जुना नाही), गेट नं. २,
बी बिल्डिंग, दुसरा मजला, सेमिनार हॉल

सोबत ५ गोष्टी:
१. मार्कशीट ओरिजिनल: दहावी, बारावी/डिप्लोमा, सेमिस्टर ६ पर्यंत सर्व
२. त्याच मार्कशीटच्या झेरॉक्स, १ सेट
३. रेझ्युमे, ३ प्रती
४. पासपोर्ट साइज फोटो, २
५. कॉलेजचं आयकार्ड
१ आणि ५ शिवाय आत घेणार नाहीत.

गेट सकाळी ९.०० ला बंद. संध्याकाळी ६ पर्यंत चालेल.
येणार नसाल तर बुधवार ५ फेब्रुवारी, संध्याकाळी ५ पर्यंत कळवा.
अडचण आली तर: (एकच नाव, एकच नंबर)
```

"कळविण्यात येते की" गेलं, "तरी सर्वांनी" गेलं. उद्धट वाटतं का? मी मुलांना विचारून पाहिलं, कोणालाच तसं वाटलं नाही. ज्याला सकाळी साडेआठला परक्या शहरात पोहोचायचंय त्याच्या दृष्टीने स्पष्ट सांगणं हाच आदर.

पहिला शब्द "नक्की" का, तेही सांगतो. "तुमची नोंदणी झाली" आणि "तुमची जागा नक्की झाली" यात फरक आहे. फॉर्म मिळाल्याची पोहोच वाचून काही जण थेट हजर होतात. म्हणून नक्की झालं असेल तरच हा शब्द वापरायचा, आणि पोहोचेच्या मेसेजमध्ये तारीख, वेळ घालायचीच नाही.

पहिली ओळ किती लांब?

अजूनही बरीच कॉलेजं असा मेसेज एसएमएसने पाठवतात, कारण तो साध्या फोनवर आणि नेटशिवायही पोहोचतो. आणि इथे आपल्या देवनागरीचं एक तांत्रिक दुखणं आहे. एका एसएमएसमध्ये मजकुराला १४० बाइट मिळतात. रोमन अक्षरं ७ बिटांत बसतात, म्हणून १४० × ८ ÷ ७ = १६० अक्षरं. देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला १६ बिट लागतात, म्हणून फक्त ७०. रोमन मजकुरात एक जरी देवनागरी अक्षर आलं तरी पूर्ण मेसेज या १६ बिटांच्या हिशोबात जातो.

आणि चिन्ह म्हणजे आपल्याला दिसतं ते अक्षर नव्हे. काना, मात्रा, वेलांटी, हलन्त सगळं वेगवेगळं मोजलं जातं. "फेब्रुवारी" डोळ्याला चार अक्षरं दिसतात, फोन मोजतो दहा: फ, मात्रा, ब, हलन्त, र, उकार, व, काना, र, वेलांटी.

मेसेज ७० च्या पुढे गेला की त्याचे तुकडे होतात, आणि तुकडे परत जोडण्यासाठीची माहिती प्रत्येक तुकड्यात ६ बाइट खाते. उरतात १३४ बाइट, म्हणजे प्रत्येकी ६७ चिन्हं. बहुतेक वेळा फोन हे तुकडे नीट जोडून दाखवतो. पण एखादा तुकडा उशिरा आला किंवा आलाच नाही, तर जे हातात पडतं त्यात किमान काय आणि कधी एवढं पूर्ण असावं. वरच्या मेसेजची पहिली ओळ स्पेस आणि खुणा धरून ६६ चिन्हांची आहे. म्हणजे ती पहिल्या तुकड्यात पूर्ण बसते. जुन्या मेसेजचे पहिले ६७ मोजून बघा, "कॅम्पस" या शब्दाच्या मध्येच ते संपतात.

व्हॉट्सॲपवर लांबीची अशी अडचण नाही, पण बंद स्क्रीनवर दिसतो तो सुरुवातीचाच भाग. म्हणून पहिल्या ओळीचा नियम तिथेही तोच.

बदल झाला तर

दोन दिवस आधी हॉल बदलतो, वेळ बदलते, हे चालायचंच. अशा वेळी "हॉल बदलला, आता ऑडिटोरियम" एवढाच मेसेज टाकणं सगळ्यात सोपं आणि सगळ्यात घातक. कारण आता वाचणाऱ्याकडे दोन अर्धवट मेसेज आहेत आणि रस्त्यावर त्याच्या हातात कोणता लागेल ते सांगता येत नाही. बदल कितीही लहान असो, पूर्ण मेसेज पुन्हा पाठवायचा. "नक्की" च्या जागी पहिला शब्द "बदल", नेमकं काय बदललं ते लगेच पुढे, आणि शेवटी एक ओळ: "सोमवार ३ फेब्रुवारीचा मेसेज रद्द". व्हॉट्सॲपमध्ये पाठवलेला मेसेज १५ मिनिटांपर्यंत दुरुस्त करता येतो, पण त्यावर विसंबू नका. तेवढ्यात कोणी तो पुढे पाठवला असेल तर त्या प्रती जुन्याच राहतात.

पाच सेकंदांची परीक्षा

मेसेज पाठवण्याआधी मी एक गोष्ट करतो. ज्याचा त्या कार्यक्रमाशी संबंध नाही अशा कोणाला तरी, बहुतेक वेळा रूममेटला, फोन दाखवतो. मनात पाच आकडे मोजतो आणि फोन काढून घेतो. मग विचारतो: कोणत्या दिवशी? किती वाजता? कुठे? किती वस्तू न्यायच्या? शहर आणि कॅम्पस सांगितलं तर ठिकाण पास, हॉलचं नाव पाठ असायची गरज नाही. वस्तूंचा नुसता आकडा पुरे. पण दिवस किंवा वेळ सांगताना तो अडखळला, "बहुतेक" म्हणाला, तर पहिली ओळ पुन्हा लिहायची.

खरी परीक्षा मेसेज गेल्यावर असते. ग्रुपवर आणि फोनवर परत येणारे प्रश्न दोन दिवस लक्षात ठेवा. तीन वेगवेगळ्या मुलांनी एकच प्रश्न विचारला तर दोष त्यांच्या वाचण्यात नाही, तुमच्या ओळीत आहे. तो प्रश्न आणि त्याचं उत्तर पुढच्या मेसेजसाठी लिहून ठेवा. वरचा "गेट नं. २" आणि "ओरिजिनल" हे दोन्ही शब्द आमच्या मेसेजमध्ये अशाच प्रश्नांतून आले आहेत. पुढच्या वर्षी जो कोणी को-ऑर्डिनेटर होईल त्याच्यासाठी हा सांगाडा प्लेसमेंट सेलच्या कपाटात, पहिल्या फाइलच्या आतल्या बाजूला चिकटवून ठेवला आहे. तारीख आणि वार मात्र कॅलेंडर बघूनच टाका.

– अंतिम वर्ष, अणुविद्युत व दूरसंचार